त्याचं झालं, आपलं नाही झालं, आता अभिनंदन कसं करायचं

ताई, वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, आठ वर्षं झाली. असिस्टंट मॅनेजरची जागा आतल्या लोकांसाठी निघाली, मी आणि माझ्यासोबतच ट्रेनी म्हणून लागलेला मित्र, दोघांनी अर्ज केला. त्याचं झालं. शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा मेल आला, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, मी नुसता अंगठा टाकला. आज मंगळवार, अजून त्याच्याशी नीट बोललो नाही. कस्टमर कम्प्लेंट आली की तो चाकणला पळायचा आणि मी इथली लाइन सांभाळायचो, म्हणून राग पण येतो, आणि त्याचं काम चांगलंय हे पण माहितीये. तीनदा टाइप केलं, खोडलं. शेवटचं असं होतं: "अभिनंदन भावा, तू डिझर्व्ह करतोस. मी पण ट्राय केलं होतं पण ठीके, आपल्या नशिबात नव्हतं. आता आमच्याकडं पण लक्ष असू दे साहेब. पुढील वाटचालीस शुभेच्छा." पाठवू का? खोटं वाटू नये आणि जळतोय असं पण वाटू नये. 1 तारखेपासून तो माझा रिपोर्टिंग बॉस होणारे.
— नाव नको, बजाजनगर

नको पाठवू बाबा. खोडलंस ते लई चांगलं केलंस.

तुझ्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाहीये, पण तो मेसेज एकदा त्याच्या जागी बसून वाच. "तू डिझर्व्ह करतोस" हे ऐकायला गोड लागतं, आपण सगळेच टाकतो, पण ज्यानं त्याच जागेसाठी अर्ज केला होता त्याच्या तोंडून ते आलं की वाचणारा मनात म्हणतो, ह्याला कोणी मार्क द्यायला बसवलंय का. मग येतं "पण ठीके". मराठीत "ठीके" हा शब्द ठीक नसतानाच जास्त वापरतात हे तुला मला सगळ्यांना माहितीये, बायको "ठीके" म्हणाली की आपण चहाचा कप खाली ठेवतो. "आपल्या नशिबात नव्हतं" म्हणजे त्याच्या नशिबात होतं, म्हणजे आठ वर्षांच्या कामाचं श्रेय गेलं शनीला आणि गुरूला. "लक्ष असू दे साहेब" ही मस्करी दुसऱ्या कोणी केली असती तर मस्करी राहिली असती, तुझ्याकडून ती टोमणा तरी वाटते नाहीतर अर्जी तरी. आणि "पुढील वाटचालीस शुभेच्छा" हे आपल्याकडं चौकातल्या फ्लेक्सवर असतं, फेटेवाल्या फोटोखाली, नाहीतर रिटायर होणाऱ्याला शाल-श्रीफळ देताना म्हणतात. तो कुठं चाललाय? तुझ्याच शेजारच्या टेबलावरून समोरच्या केबिनमधे.

आता बघ, चार वाक्यांत चार ठिकाणी तू स्वतःबद्दल किंवा निकालाबद्दल बोललास. त्यानं काय केलं ह्याबद्दल एकही शब्द नाही. अडलंय ते तिथंच. पॅनलनं बरोबर केलं का चूक केलं ह्यावर तुझं अजून मनात चालू आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत अभिनंदन अडवून ठेवलंस तर ते कधीच निघायचं नाही. निकाल पटला नाही तरी माणसाचं अभिनंदन करता येतं. प्लँट हेड, एचआर आणि अजून कोण बसले होते त्यांनी काय पाहून ठरवलं त्याची जबाबदारी त्यांच्यावर राहू दे. तू फक्त एक गोष्ट शोध, जी तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीये, जी त्यानं केलीये आणि जी खरी आहे. कुणाशी तुलना नाही, "सगळ्यात बेस्ट" नाही, "तुझ्यासारखा कोणी नाही" तर अजिबातच नाही.

आणि ती गोष्ट तू मला पत्रात देऊन बसलायस, रागाच्या भरात. चाकण.

मी ह्या लाइनमधे 19 वर्षं पर्सोनेलला काढलीत, मला माहितीये ते पळणं काय असतं ते. कस्टमरच्या लाइनवर आपला एक पार्ट लागला नाही, बोअर ओव्हरसाइज निघाला म्हण नाहीतर कडेला बर राहिला म्हण, की तिकडून फोन येतो आणि इकडून माणूस नगरमार्गे रात्रीच गाडीत बसतो. तिथं जाऊन त्यांच्या स्टोअरमधला सगळा लॉट एक एक पार्ट हातात घेऊन सॉर्ट करायचा, चांगल्यावर खूण, खराब वेगळा लाल पेटीत, वर त्यांच्या इंजिनिअरचं ऐकून घ्यायचं, 24 तासांत तक्रारीच्या 8डी रिपोर्टचा पहिला भाग पाठवायचा, आणि इथून चांगला माल पोचेस्तोवर त्यांची लाइन थांबू द्यायची नाही. हे तो करत होता. आणि इथून चांगला माल पोचणार कधी, तर तू इथली लाइन धरलीस, शंभर टक्के चेकिंग लावलं, ऑपरेटरला समजावलं तेव्हा. म्हणजे काम दोघांचं होतं. दिसलं मात्र त्याचं, कारण कस्टमर त्याच्या चेहऱ्याला ओळखतो. तुझा राग इथून येतोय, आणि तो राग काही खोटा नाही. पण तो राग पॅनलकडं न्यायचाय, त्याच्याकडं नाही, त्यावर मी खाली येते.

आता आठव. चाकणच्या सगळ्या फेऱ्यांमधली एक कोणती तरी असेल जेव्हा तू इथून फोनवर होतास आणि तुला वाटलं होतं की हा माणूस टिकला म्हणून निभावलं. दोन रात्री तिथंच थांबला असेल, किंवा त्यांच्या मॅनेजरला आकडा लपवून न ठेवता खरा सांगितला असेल. ती फेरी पकड. मग वाक्य असं होतं:

"अभिनंदन रे. त्या पावसाळ्यात चाकणला तू दोन रात्री थांबून सगळा लॉट सॉर्ट करून घेतलास ना, ते माझ्या डोक्यात बसलंय. तेव्हा इकडून मी नुसता फोन करत होतो आणि तू शांत होतास."

बस. एवढंच. पावसाळा नसेल तर उन्हाळा लिही, दोन रात्री नसतील तर एक लिही, पण जे झालं तेच लिही, कारण तो तिथं होता, त्याला माहितीये. खोट्या कौतुकाची एक गंमत असते, ते कोणालाही लागू पडतं. "तुझी मेहनत, तुझी जिद्द" हे तू उद्या पेपरवाल्याला पण म्हणू शकतोस. चाकणचं वाक्य मात्र अख्ख्या कंपनीत फक्त तूच त्याला म्हणू शकतोस, कारण फोनच्या ह्या टोकाला तू होतास. खरं वाटायला अजून वेगळं काही करावं लागत नाही, उद्गारचिन्हं नकोत, हात जोडलेले नकोत, ते फुटणारे फटाके तर नकोच नको.

आणि बघितलंस का, त्या वाक्यात तुझ्या बाजूचं काम पण हळूच आलंय, "इकडून मी". तेवढं राहू दे. त्याच्यापेक्षा जास्त घालू नकोस. "आपण दोघांनी मिळून निभावलं" असं लिहिलंस की लगेच वाटा मागितल्यासारखं होतं.

हे मी एवढं ठासून काहून सांगतेय, तर मी स्वतः माती खाल्लेली आहे. मी तेव्हा जिथं होते तिथं एकदा सीनियरची जागा निघाली, माझ्यासोबतच्या बाईचं झालं, आणि मी काय केलं, तर एचआरच्या मेलला रिप्लाय ऑल करून अकरा ओळी लिहिल्या. अकरा! रात्री जेवणखाण आवरून, डोळे पुसून. तिची स्तुती, डिपार्टमेंटची स्तुती, व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीची पण स्तुती, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत आपोआप आलं, "भविष्यात आम्हा सर्वांनाही अशीच संधी मिळेल हा विश्वास आहे." मला वाटलं काय मोठ्या मनानं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन बारीक आवाजात म्हणते, तुम्ही नाराज आहात का माझ्यावर. तिनं अकरातली तेवढी एकच ओळ वाचली होती, आणि साहेबानं पण तेवढीच वाचली होती. त्या दिवसापासून मी सांगते, अभिनंदन लांबलं की त्यात आपलं दुखणं कुठून तरी गळतंच. दोन-तीन वाक्यांच्या वर गेलं की थांब आणि खोड.

आता चार दिवस उशीर झालाय त्याचं काय. खरं तर त्याच दिवशी ग्रुपवर "अभिनंदन" एवढा एक शब्द आणि त्याचं नाव टाकलं असतंस तर सोपं गेलं असतं, कारण अंगठा हा काही अभिनंदन नाही, अंगठा आपण "उद्या पाणी येणार नाही" ह्या मेसेजला पण देतो. त्यानं तुझा अंगठा पाहिलाय बरं का, पन्नास मेसेजमधे त्यानं सगळ्यात आधी तुझंच नाव शोधलं असेल. पण झालं ते झालं. आता ग्रुपवर मागून जाऊन काही टाकू नकोस, सगळे खाली गेलेत आणि तुझं एकट्याचं वर दिसेल. आणि कारण पण तयार करू नकोस, तब्येत बरी नव्हती, नेट नव्हतं, गावाकडं गेलतो. शनिवारी तू शिफ्टला असशील तर ते मस्टरवर आहे. उशिराबद्दल एकच वाक्य चालतं, "उशीर केला मी, पण समोर येऊन सांगायचं होतं", आणि हे वाक्य खरं व्हायला खरंच समोर जावं लागतं. म्हणजे मेसेजनं नाही, तोंडानं. मेसेज हवा असेल तर तो नंतर.

कुठं गाठायचं हे पण ठरवून जा, नाहीतर फजिती होते. कंपनीच्या बसमधे नको, पुढच्या सीटवरचा मागं वळून बघतो. कँटीनच्या रांगेत ताट हातात घेऊन नको. सकाळच्या मीटिंगच्या आधी तर मुळीच नको, तिथं सगळे टाळ्या वाजवतील आणि तुमचं दोघांचं बोलणं म्हणजे तमाशा होईल. गेटबाहेरच्या टपरीवर चहाला ने असं मी म्हणले असते, पण तिथं तुमचेच चार ऑपरेटर उभे असतात. तुमच्याकडं सीएमएम रूम असेल ना, तिथं गाठ. एक तर तिथं दार लावलेलं असतं, गर्दी नसते, आणि मापं 20 डिग्रीला घ्यायची म्हणून एसी चालूच असतो, वाळूजच्या उन्हातून आत गेलेल्याचं डोकं पण जरा जागेवर येतं. हात पुढं कर, वाक्य म्हण, आणि गप बस. दोन मिनिटांचं काम आहे, दहा मिनिटं नको.

गप बसणं अवघड जाईल, हे आधीच सांगते. कारण तो पण अवघडलेला आहे. तो बहुतेक म्हणेल, "अरे, तुझं पण होऊ शकलं असतं", किंवा "मला तर वाटलं तुझंच होईल". इथं लोक घसरतात. एक तर म्हणतात "नाही नाही, मी तर सहजच भरला होता फॉर्म", हे धडधडीत खोटं, त्यानं तुला इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत रिजेक्शनचे चार्ट काढताना पाहिलं असेल. नाहीतर मग सगळं बोलून टाकतात, पॅनलनं मला हे विचारलं, तुला काय विचारलं, अमुक साहेब आधीपासूनच तुझ्या बाजूनं होते का. हे तर त्याहून वाईट, कारण आता तो तुझ्यासमोर आपल्याच निवडीची सफाई द्यायला लागतो.

तुमची मैत्री आठ वर्षांची आहे, त्याला माहितीये तू अर्ज केला होतास, म्हणून एक वाक्य खरं बोल: "दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता नाहीये तसं." आता पण वाटत असेल तर दुसरं वाक्य गाळ, पहिलं पुरे. वाईट वाटलं हे झालेल्या काळात सांगायचं, आणि त्याच्या पुढं "पण" जोडायचा नाही. "वाईट वाटलं पण तुझ्यासाठी आनंद आहे" म्हटलं की ऐकणारा तराजू घेऊन बसतो, कुठलं पारडं जड. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेव, आधी अभिनंदन, मग त्यानं विषय काढला तरच हे. त्यानं नाही काढला तर तू पण काढू नकोस. आणि हे फक्त मित्रासाठी हं, जो नुसता सहकारी आहे, ज्याच्याशी आपलं कामापुरतं आहे, त्याला आपल्या वाईट वाटण्याचा हिशोब द्यायची काही गरज नसते.

मग विषय कामावर आण. इथं एक वाक्य लई उपयोगी पडतं, मदतीचं, पण मोघम नाही. "काही लागलं तर सांग" हे म्हणजे "या एकदा घरी" म्हटल्यासारखं, ना तारीख ना वार. त्यापेक्षा "1 तारखेच्या आधी माझ्या लाइनच्या ज्या दोन कम्प्लेंट उघड्या आहेत त्यांच्या फाइल तुला समजावून देतो, गुरुवारी दुपारी बसू का?" असं म्हण. तसंही नव्या माणसाला उघड्या कम्प्लेंटची यादी पहिल्याच आठवड्यात लागते, कस्टमर त्याच्यावरूनच सुरुवात करतो. तू आधीच दिलीस तर त्याला कळतं की हा माणूस माझ्या विरोधात बसणार नाही, आणि हे तुला शब्दात सांगावं पण लागत नाही. पण गुरुवारी खरंच बस. म्हणालास आणि टाळलंस तर सीएमएम रूममधलं सगळं धुऊन गेलं समज.

आता तो बॉस होणार, म्हणून हाक कशी मारायची. ह्याबद्दल तू विचारलं नाहीस पण हे तुला पहिल्याच दिवशी नडणार, कारण आपल्या भाषेत "तू" आणि "तुम्ही" मधे निवडल्याशिवाय एक वाक्य पुरं होत नाही. माझं मत असं, एकट्यात जे होतं तेच, "अरे", "भावा", काही बदलायचं नाही, तू एकदम "सर तुम्ही" सुरू केलंस तर त्याला चपराक बसल्यासारखी वाटेल. पण ऑपरेटरसमोर, मीटिंगमधे, कस्टमर आला की, तिथं "सर" म्हण, 1 तारखेपासूनच, चेहरा सरळ ठेवून. पंधरा दिवसांनी बदलू म्हणालास तर बदलायचं राहून जातं आणि मग ज्या दिवशी भांडण होईल त्या दिवशी तोंडातून पहिल्यांदा "सर" निघेल, आणि ते सगळ्या लाइनला कळेल. आणि "साहेब" हा शब्द सहा महिने तरी वापरू नकोस. आपल्याकडं "काय मग साहेब, आता वळखता का नाही" हे प्रेमानंच म्हणतात, बीडपासून नांदेडपर्यंत कोणीही म्हणेल, पण तू म्हणलास की हसणारे लोक आधी त्याच्या तोंडाकडं आणि मग तुझ्या तोंडाकडं बघतील.

मेलचं थोडक्यात. एचआरच्या मेलला रिप्लाय ऑल नाही, माझ्या अकरा ओळी आठव. बोलून झाल्यावर त्याच दिवशी त्याला एकट्याला दोन ओळी लिही, कारण हा कंपनीचा मेल आहे आणि तो 1 तारखेपासून तुझा बॉस आहे, कागदावर पण असलेलं बरं. कंपनीत मेल इंग्रजीत चालतात, पण आधी मराठीत लिही आणि मग इंग्रजी कर, नाहीतर इंग्रजीतली तयार मोठमोठी वाक्यं येऊन बसतात आणि ती वाचून तो म्हणेल हे ह्यानं कुठून उचललं. मराठी असं: "असिस्टंट मॅनेजर झाल्याबद्दल अभिनंदन. चाकणच्या कम्प्लेंट तू ज्या पद्धतीनं बंद केल्यास ते मी जवळून पाहिलंय. ठरल्याप्रमाणे गुरुवारी उघड्या कम्प्लेंटच्या फाइल घेऊन बसू." विषयाच्या जागी नुसतं अभिनंदन. त्यात अर्जाचा उल्लेख नाही, वाईट वाटल्याचा नाही, रात्रींचं वर्णन पण नाही. तोंडी बोललेलं गरम असतं, मेल थंड असला तरी चालतो.

सगळ्यात जास्त ज्याची मला भीती वाटते ते वेगळंच आहे. तू सीएमएम रूममधे सगळं नीट बोलशील, आणि दुपारी कँटीनमधे तुझा एखादा जवळचा ऑपरेटर भाकरी मोडता मोडता म्हणेल, "काही म्हणा, तुमचंच व्हायला पाह्यजे होतं, लाइन तर तुम्हीच वढता." तो प्रेमानंच म्हणतोय. आणि तू दोन दिवस हेच ऐकायला भुकेला आहेस. तू नुसतं "जाऊ दे" म्हणालास, किंवा उसासा टाकलास, किंवा नुसता हसलास तरी ते चहाच्या सुट्टीपर्यंत त्याच्यापर्यंत पोचतं, आणि पोचताना वाढतं. मग सकाळचं अभिनंदन खोटं ठरतं, जरी तू ते मनापासून केलेलं असलं तरी. म्हणून इथं एक उत्तर आधीच पाठ करून ठेव. निकाल तुला पटलाय असं खोटं बोलायची गरज नाही. एवढंच म्हण, "त्याचं काम मी जवळून पाहिलंय, चांगला माणूस आहे. सेकंड शिफ्टला गेज पोचलं का?" दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं, विषय तिथंच तुटतो. परत कोणी काढला तर परत तेच, शब्द न बदलता. तिसऱ्यांदा कोणी काढत नाही, मजा येत नाही ना.

आणि आता तुझा राग. तो गिळ असं मी म्हणणार नाही. साधारण आठ-दहा दिवस जाऊ दे, 1 तारीख उलटू दे, मग तुमचे जे हेड पॅनलवर होते त्यांना वीस मिनिटं माग, त्याला वगळून, त्याचं नाव न घेता. "मला का नाही घेतलं" असं विचारलंस तर ते बचाव करतील, सगळेच करतात, मी पण खुर्चीच्या त्या बाजूला बसून केलेला आहे, "तुम्हीपण खूप चांगले होतात, फार जवळचं होतं" असं गुळगुळीत बोलून पाठवलंय लोकांना. त्याऐवजी विचार, "पुढच्या वेळी माझ्या कामात कोणत्या दोन गोष्टी तुम्हाला दिसायला पाहिजेत?" दोन म्हण, म्हणजे त्यांना नेमकं बोलावं लागतं. मला वाटतं त्यातली एक कस्टमरसमोर जाण्याबद्दल असेल. असली तर तिथंच सांग की पुढच्या कम्प्लेंटला चाकणला मी जातो. आणि हे तुझ्या नव्या बॉसला पण आधी सांगून ठेव, पाठीमागून गेल्यासारखं नको व्हायला. तो नाही म्हणणार नाही, त्याला आता रात्रीच्या फेऱ्या कमीच करायच्या असतील.

एक बारीक गोष्ट राहिली. तो पेढे वाटणार, धाराशिवकडचा असेल तर कुंथलगिरीचेच आणेल. बॉक्स घेऊन टेबलाटेबलानं फिरेल आणि तुझ्याकडं येईल तेव्हा सगळ्या डिपार्टमेंटचे डोळे कॉम्प्युटरवर आणि कान तुमच्याकडं असतील. तेव्हा पेढा टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमधे ठेवू नकोस, "नंतर खातो, आत्ताच जेवलो" म्हणू नकोस. तिथंच खा, त्याच्यासमोर, अख्खा. आणि घरच्यांसाठी अजून एक माग.